राजीनाम्यावर तारीख हवी आणि सही तिचीच हवी

डहाणू-तलासरी भागातील कापड व्यापाऱ्यांना मालाचा हिशेब कसा ठेवावा हे शिकवण्याची गरज नाही. सुरतेहून गाठ आली की किती मीटर आले, किती कमी भरले, दाग कोठे पडला, हे आपण त्याच दिवशी लिहून घेतो. मात्र दुकानातले दहा-अकरा वर्षांचे माणूस नोकरी सोडून जाते तेव्हा एक ओळही कागदावर येत नाही. "उद्यापासून येत नाही" एवढे तोंडी सांगणे झाले की मामला संपला असे दोघेही समजतात. खरे तर तो तेथूनच सुरू होतो.

यंदा माझ्याच पेढीवर असा प्रसंग आला. दुकान डहाणू रोडच्या बाजारात, घर आगरला. दुकान, गोदाम आणि शाळेचे गणवेश शिवण्याचा विभाग मिळून आमच्याकडे १३ माणसे आहेत. हिशेबाचे काम एक मुलगी पाहत होती. कॉलेज करून आली तेव्हा तिला बिल लिहिणेही नवे होते. पुढे सगळी उधारी, सुरत-भिवंडीच्या आडत्यांचे येणे-देणे आणि जीएसटीची विवरणपत्रे तिच्या हाती आली. तिचा नवरा मुंबईच्या एका बांधकाम कंपनीत सुपरवायझर. कंपनीने त्याची मस्कतला दोन वर्षांसाठी नेमणूक केली आणि कुटुंब बरोबर नेण्याची सवलत दिली.

ही खबर मला तिच्याकडून नव्हे, तिच्या सासऱ्यांकडून कळली. नमाजहून परतताना त्यांनी मला थांबवले आणि म्हणाले, "शेठ, सूनबाई आता महिन्याभरात मस्कतला जाणार. तुम्ही दुसरे माणूस बघा." त्यांचा हेतू चांगला होता, मला अगोदर सांगावे एवढाच. मी त्यांना अदबीने म्हणालो, "मियाँ, मुबारक असो. पण नोकरी तिची आहे. राजीनामा तिच्या हातचा येऊ द्या."

हा माझा हट्ट नव्हता. बदली नवऱ्याची झाली म्हणून बायकोची नोकरी आपोआप संपत नाही. तिचा आणि पेढीचा करार वेगळा आहे, आणि तो तिने स्वतः, राजीखुशीने, लेखी मोडला तरच मोडतो. सासऱ्याच्या, भावाच्या किंवा नवऱ्याच्या निरोपावर तिचे नाव हजेरीपटावरून कापले, आणि उद्या ती म्हणाली की मी तर जाणारच नव्हते, तर मालकाकडे दाखवायला काय आहे? उलटही तसेच. मालकाने स्वतःच राजीनामा टाइप करून "कर सही" म्हटले, तर तो राजीनामा नव्हे, काढून टाकणे झाले. तेव्हा पत्र तिनेच लिहावे.

तिने दुसऱ्या दिवशी पत्र आणले. मी उर्दू शाळेत शिकलेला माणूस. आम्हाला अर्ज लिहायला शिकवले ते 'बखिदमत जनाब' पासून 'मुअद्दबाना गुजारिश' पर्यंत. त्यात अदब भरपूर असे, पण मतलबाची गोष्ट शेवटच्या अर्ध्या ओळीत. तिचे मराठी पत्रही त्याच घाटाचे निघाले. ११ वर्षांच्या ऋणाबद्दल आठ ओळी आणि शेवटी, "पतीची नेमणूक परदेशी झाल्यामुळे व्हिसा मिळाल्यास मी नोकरी सोडत आहे, तरी मंजुरी द्यावी." शेवटचा दिवस कोणता, याचा पत्ता नाही.

"व्हिसा मिळाल्यास" ही अट व्यवहारात अडचणीची. अशा पत्रावर मालक दुसरे माणूस घेऊ शकत नाही, आणि ते नाकारूही शकत नाही. व्हिसा आला की ती उद्याच जाईल, नाही आला तर सहा महिने बसेल. मी तिला एवढेच सांगितले, "बेटी, अट काढ आणि तारीख घाल. तारीख पुढे बदलता येते, अट बदलता येत नाही." ती विचार करून घरी गेली आणि १ एप्रिलला हे पत्र दिले. तिच्या परवानगीने येथे देतो, कारण आपल्यातल्या कित्येकांना नमुना म्हणून उपयोगी पडेल.

"विषय : राजीनामा. मी आपल्या पेढीत १० नोव्हेंबरपासून हिशेबनीस म्हणून काम करते, त्यास ११ वर्षे पूर्ण झाली आहेत. माझ्या पतीची मस्कत येथे नेमणूक झाल्याने मी त्यांच्याबरोबर राहण्यास जात आहे. सबब मी स्वेच्छेने राजीनामा देत असून ३० एप्रिल हा माझा कामाचा शेवटचा दिवस असेल. त्यापूर्वी उधारीची खाती, जीएसटीची कागदपत्रे व चाव्या आपण सांगाल त्यांच्या हवाली करीन. माझी शिल्लक रजा, पगार व ग्रॅच्युइटी यांचा हिशेब मिळावा. अनुभवाचा दाखला पासपोर्टवरील नावाने द्यावा."

खाली तिची सही आणि तारीख. मी दुसऱ्या प्रतीवर 'मिळाले' असे लिहून तारीख टाकली आणि ती प्रत तिला दिली. मालकाची पोच नसेल तर कामगाराचे पत्र हवेत आहे, आणि कामगाराच्या पत्राशिवाय मालकाची मंजुरीही हवेत.

कारण लिहावे की नाही, असे काही जण विचारतात. कायद्याने लिहिलेच पाहिजे असे नाही. पण नवऱ्याची नेमणूक हे साधे, स्वच्छ कारण आहे. त्यातून कळते की भांडण नाही, पगाराचा वाद नाही, कोणी हाकलले नाही. पुढे तिने मस्कतला किंवा परत येऊन येथे नोकरी मागितली तर विचारणाऱ्याला उत्तर तयार असते. नवऱ्याच्या कंपनीचे नेमणूकपत्र मात्र मालकाने मागू नये. तो तिच्या घरचा दस्तावेज आहे.

आता मुख्य गोष्ट, तारखेची. २२ एप्रिलला ती चेहरा उतरवून आली. निकाहनाम्यावर तिचे नाव एका प्रकारे, पासपोर्टवर दुसऱ्या प्रकारे. कुटुंबाच्या व्हिसासाठी विवाहाचा दाखला लागतो, त्यावर राज्य शासनाचा व परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो, आणि नाव जुळत नसेल तर गाडी पहिल्याच स्टेशनावर अडते. नाव दुरुस्त व्हायला महिना-दीड महिना जाणार होता. नवरा पुढे गेला, ती मागे राहिली. तिने विचारले, "शेठ, १५ जूनपर्यंत राहू का? की आता मंजूर झाले म्हणून जावेच लागेल?"

पुष्कळ मालक येथे म्हणतात, "राजीनामा एकदा मंजूर झाला, आता विषय संपला." हे बरोबर नाही, आणि याचा निवाडा आपल्या सर्वोच्च न्यायालयात फार वर्षांपूर्वी झाला आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सतीशचंद्र यांनी ७ मे १९७७ रोजी राष्ट्रपतींना पत्र लिहिले की १ ऑगस्ट १९७७ पासून मी पद सोडतो. मग १५ जुलैला, म्हणजे ठरलेल्या तारखेच्या आत, त्यांनी ते पत्र मागे घेतले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की पुढची तारीख घालून दिलेला राजीनामा त्या तारखेपर्यंत पुरा होत नाही, म्हणून तोपर्यंत तो मागे घेता येतो. न्यायाधीशाचे पद नोकरीसारखे नसते, हे खरे. पण पंजाब नॅशनल बँकेच्या एका अधिकाऱ्याच्या बाबतीत १९८९ मध्ये त्याच न्यायालयाने हेच सूत्र लावले. त्याने पुढची तारीख दिली होती, बँकेने लगेच मुक्त करण्याची घाई केली, आणि त्याने तारखेच्या आत राजीनामा मागे घेतला. न्यायालयाने त्याची बाजू उचलली.

अर्थात याला मर्यादा आहे. नेमणुकीच्या करारात किंवा नियमात वेगळे लिहिले असेल तर ते पाहावे लागते. आणि शेवटचा दिवस उलटून गेला की दार बंद. पण जेथे असा काही नियम नाही, तेथे तारखेच्या आत मन बदलण्याचा हक्क कामगाराचा आहे, मालकाच्या मेहरबानीचा नाही. परदेशातील नेमणुकीच्या बाबतीत याचे मोल अधिक, कारण अशा नेमणुका पुढे ढकलल्या जातात, व्हिसा अडतो, कधी कंपनी कंत्राटच गमावते. म्हणूनच मी म्हणतो, राजीनाम्यात अट नको, तारीख हवी. तारखेमुळे मालकाला तयारी करता येते, आणि त्या तारखेच्या आत कामगाराला वाट मोकळी राहते.

येथे माझ्या नफसाची परीक्षा झाली, तीही सांगून टाकतो. ग्रॅच्युइटीचा हिशेब मी मनात आधीच मांडला होता. जेथे १० किंवा अधिक माणसे कामाला आहेत तेथे हा हक्क लागू आहे, आणि कायम नोकरीत ५ वर्षे पूर्ण झालेल्या माणसाने स्वतः राजीनामा दिला तरी तो बुडत नाही. आधी हे १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात होते, २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. हिशेबाची रीत तीच : शेवटचा महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षे. वरचे महिने सहापेक्षा जास्त असतील तर ते एक पूर्ण वर्ष धरायचे, सहा किंवा कमी असतील तर सोडून द्यायचे.

तिचा पगार १८,००० रुपये. भागिले २६ केले की ६९२ रुपये ३१ पैसे, गुणिले १५ केले की १०,३८५ रुपये. ही एका वर्षाची रक्कम. ती १० नोव्हेंबरला लागली होती. ३० एप्रिलला गेली असती तर ११ वर्षे ५ महिने आणि २१ दिवस होतात, म्हणजे ११ वर्षे, आणि रक्कम १,१४,२३१ रुपये. १५ जूनला गेली तर ११ वर्षे ७ महिने, म्हणजे १२ वर्षे धरावी लागतात, आणि रक्कम १,२४,६१५ रुपये. दीड महिन्याच्या मुदतीवर माझ्या पेटीतून १०,३८५ रुपये अधिक जाणार होते. "मंजूर झाले, ३० एप्रिललाच जा" असे म्हणण्याचा मोह झाला नाही, असे मी लिहिले तर ते खोटे होईल.

पण दुसऱ्या पारड्यात काय होते ते पाहा. मे आणि जून म्हणजे आमचा गणवेशाचा हंगाम. शाळा उघडण्याच्या आधी आदिवासी पाड्यांवरच्या आश्रमशाळांपासून गावातल्या शाळांपर्यंत सगळ्यांची मापे, आगाऊ रकमा, शिल्लक बाक्या तिच्या वहीत आणि तिच्या डोक्यात. मी तिला घालवून नवे माणूस बसवले असते तर १०,००० रुपयांपेक्षा कितीतरी अधिक उधारी विसरली गेली असती. आणि हक्काचा प्रश्न वेगळाच. तिला हा सहा महिन्यांचा नियम माहीत नव्हता. ज्याला माहीत नाही त्याच्याकडून माप मारून घेणे म्हणजे आखूड गजाने कापड मोजणे. मी तिला दोन्ही हिशेब कागदावर लिहून दाखवले. तिने दुसरे पत्र दिले : "१ एप्रिलच्या पत्रातील ३० एप्रिल ही तारीख १५ जून वाचावी." मी खाली लिहिले, "मान्य", सही केली, तारीख टाकली. हे सगळे २२ एप्रिललाच झाले, ३० उलटण्याची वाट पाहिली नाही.

आता हवाली करण्याविषयी. येथे मी पूर्वी एकदा चांगला पोळलो आहे. २०१९ साली माझ्याकडे एक हिशेबनीस होता. त्याच्या बायकोला आखातात नर्सची नेमणूक मिळाली. जोडपे आठ दिवसांत निघून गेले. पत्र नाही, तारीख नाही, फक्त फोन आला. मी दुवा दिली आणि विसरलो. महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरायला बसलो तर ओटीपी त्याच्या मोबाइलवर. नोंदणी करताना सोयीसाठी त्याचाच नंबर आणि त्याचाच ईमेल घातला होता, आणि तो नंबर आता बंद. संकेतस्थळावर नंबर बदलायचा तर तेथेही जुन्या नंबराची किंवा ईमेलची वाट लागते. ती नसेल तर कागदपत्रे घेऊन आपल्या भागाच्या कर अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. तोपर्यंत विवरणपत्र अडले, दर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि करावर व्याज वेगळे. चूक त्याची नव्हती, माझी होती. दुकानाची किल्ली मी दुसऱ्याच्या खिशात ठेवली होती.

म्हणून यावेळी राजीनामा हाती आल्याच्या आठवड्यातच, ती समोर असताना, जीएसटीचा नंबर आणि ईमेल माझ्या नावाचा केला. ई-वे बिलाचा पासवर्ड, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड, बँकेच्या संदेशाचा नंबर, सगळे तपासले. मग तिने उधारीची यादी केली : नाव, गाव, रक्कम, शेवटची वसुली आणि एका रकान्यात 'तोंडी ठरलेले'. हा शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा निघाला. कोणत्या गिऱ्हाईकाला दिवाळीपर्यंत मुदत दिली, कोणाचा ठाण कापलेला परत घ्यायचे ठरले, हे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नसते. नवा मुलगा १ जूनला आला आणि दोन आठवडे तिच्या शेजारी बसला.

देण्याची बाजूही तारखेनेच चालते. वेतन संहितेप्रमाणे, तीही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, राजीनामा दिलेल्या माणसाचा पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता झाला पाहिजे. आपली जुनी सवय, की पुढल्या महिन्याच्या पगाराबरोबर बघू, ती आता चालणार नाही. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर साधे व्याज लागते. कोणी मधेच सोडून गेले, मुदत पाळली नाही, म्हणून ग्रॅच्युइटी अडवता येत नाही. मुदतीच्या पगाराचा वाद असेल तर तो वेगळा मांडावा.

मी तिचे सगळे पैसे ती भारतात असतानाच खात्यात टाकले, आणि यामागेही एक कारण आहे. माणूस नोकरीसाठी किंवा अनिश्चित काळासाठी परदेशी राहायला गेले की त्याचे साधे बचत खाते तसेच चालवणे परकीय चलनाच्या कायद्यात बसत नाही, ते अनिवासी म्हणजे एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते. त्या बदलाच्या गडबडीत पैसे यायचे राहिले की मग फोनाफोनी. दुसरे, येथला मोबाइल नंबर बंद करू नये. बँक, आधार, पासपोर्ट, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरावर येतात. आखातात जाऊन नंबर बंद पडला आणि स्वतःच्याच पैशांपर्यंत हात पोचेना, असे लोक आपल्या कोकणपट्टीत घरोघर सापडतील. लहानसा रिचार्ज चालू ठेवणे आणि परदेशात संदेश येतील अशी सोय करून जाणे, एवढेच पुरते. ज्या पेढीत भविष्य निर्वाह निधी लागू आहे तेथे मालकाने नोकरी सोडल्याची तारीख त्या खात्यात न विसरता भरावी. ती भरली नाही तर कामगाराचा पैसे काढण्याचा अर्ज अडतो, आणि मस्कतमधून तो निस्तरणे सोपे नाही.

अनुभवाचा दाखला देताना मी पासपोर्ट समोर ठेवून नाव लिहिले. निकाहनाम्यातल्या एका अक्षराने दीड महिना खाल्ला, हे डोळ्यांनी पाहिल्यावर पुन्हा तीच चूक माझ्या हातून कशाला व्हावी? पद, लागल्याची तारीख, सोडल्याची तारीख, कामाचे स्वरूप, आणि "स्वतःच्या राजीनाम्याने, पतीच्या नेमणुकीमुळे" एवढे लिहिले. तारीफ एका ओळीत.

१५ जूनला संध्याकाळी तिने किल्ल्यांचा जुडगा गल्ल्यावर ठेवला. तिच्या सासऱ्यांनी त्या दिवशी मला पुन्हा गाठले आणि विचारले, "आता तरी सुटली ना?" मी म्हटले, "आज सुटली. पहिल्यांदा तुम्ही सांगितले तेव्हा नव्हती."

व्यापारी बांधवांनो, आपल्या भागातली पोरे आखातात जात आहेत, आणि आता त्यांच्या बायकाही हिशेब, शिवण, शिकवणी अशा नोकऱ्या करतात. नवऱ्याच्या एका नेमणुकीने दोन घरचा कारोबार हलतो, त्याचा आणि तिच्या मालकाचा. तेव्हा तुमच्याकडे अशी खबर आली तर आधी तिच्या हातचे पत्र मागा, त्यावर शेवटचा दिवस पाहा, आणि पोच द्या. त्या दिवसाच्या आत ती तारीख बदलायला आली तर नाक मुरडू नका. आणि आपल्या जीएसटीच्या नोंदणीवर कोणाचा मोबाइल नंबर आहे, हे हे पान वाचून खाली ठेवण्याआधी तपासा.